७२ की ८२? पिशवीबंद दूध पाच दिवस टिकवताना एका डेअरीने पाश्चरायझेशनचं तापमान कसं ठरवलं

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातली एक खासगी डेअरी. आसपासच्या गावांतल्या संकलन केंद्रांवरून रोज दहा-बारा हजार लिटर दूध येतं, त्यात म्हशीचं जास्त. केंद्रांवर बल्क कूलर आहेत, तिथून टँकरने दूध प्लँटवर येतं. प्लँटमध्ये प्लेट हीट एक्स्चेंजरचा पाश्चरायझर आहे. दूध ७२.५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतं, होल्डिंग ट्यूबमधून १५ सेकंद वाहतं आणि लगेच ४ अंशांवर येतं. पिशव्या भरून तालुक्याच्या गावात आणि आजूबाजूच्या बाजारात जातात. पिशवीवर दोन दिवसांची मुदत असते. गिऱ्हाईक सकाळी पिशवी घेतं, घरी नेऊन तापवतं, त्यामुळे दोन दिवसांत सहसा काही अडत नाही.

मग एका मोठ्या दुकानसाखळीने दूध घ्यायची तयारी दाखवली. अट अशी की पिशवी फ्रिजमध्ये पाच दिवस टिकली पाहिजे. नमुने गेले आणि चौथ्या दिवशीच तक्रार आली.

या प्रकरणात आमचं काम होतं ते प्रक्रिया तपासण्याचं. डेअरीची ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत.

अडचण

तक्रार नेमकी काय होती, ते नीट पाहायला हवं. दूध आंबलेलं नव्हतं. वास ठीक, आम्लता जवळपास रोजच्यासारखी. पण तापवायला ठेवलं की फाटत होतं, आणि चमचाभर चाखलं तर शेवटी किंचित कडवट लागत होतं. काही पिशव्यांत मात्र चक्क आंबूस वास होता. म्हणजे खराब होण्याचे दोन प्रकार होते आणि ते एकाच तक्रारवहीत एकाखाली एक लिहिलेले होते. हे वेगळे काढायला कोणालाच सुचलं नाही, आणि पुढचा बराचसा घोळ तिथूनच सुरू झाला.

मालकांनी सरळ हिशेब केला: दूध खराब होतंय म्हणजे जंतू उरतायत, जंतू उरतायत म्हणजे तापमान कमी पडतंय. त्यांनी सेटिंग ७२.५ वरून ८२ वर नेलं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये ताज्या पिशवीतल्या जिवाणूंची मोजणी झाली, आकडा आधीपेक्षा बराच खाली आला होता. प्लँटमध्ये सगळे खूश. पुन्हा नमुने गेले आणि या वेळी तक्रार चौथ्या दिवसाऐवजी तिसऱ्याच दिवशी आली.

"जास्त तापवलं तर जास्त टिकायला पाहिजे ना, साहेब? आणि आंबट लागत नाही तर फाटतं कसं?" मालकांचे हे दोन्ही प्रश्न अगदी योग्य होते. त्यांची उत्तरं मिळाल्याशिवाय तापमान ठरवण्यात अर्थ नव्हता.

७२ अंश आणि १५ सेकंद कशासाठी आहेत

पाश्चरायझेशनची सेटिंग दूध टिकवण्यासाठी ठरलेली नाही, दुधातून माणसाला होणारे आजार थांबवण्यासाठी ठरली आहे. सुरुवातीला डोळ्यांसमोर होता क्षयरोगाचा जिवाणू, विशेषतः गुरांमधला मायकोबॅक्टेरियम बोव्हिस, कारण तो दुधातून मुलांपर्यंत पोहोचत असे. अमेरिकेत बॅच पद्धतीसाठी, म्हणजे एका भांड्यात ठरावीक दूध एकदम तापवायच्या पद्धतीसाठी, बराच काळ ६१.७ अंश आणि ३० मिनिटं हे प्रमाण होतं. नंतर लक्षात आलं की क्यू तापाचा जिवाणू, कॉक्सिएला बर्नेटी, एवढ्यावर पूर्ण मरत नाही. म्हणून १९५६ साली ते प्रमाण ६२.८ अंशांवर नेण्यात आलं. आज आपण ६३ अंश, ३० मिनिटं म्हणतो ते हेच. बीजाणू, म्हणजे उष्णता सोसणारी कवचातली अवस्था, न करणाऱ्या रोगजंतूंपैकी दुधात सर्वांत चिवट कॉक्सिएला मानला जातो. तो गेला की त्याच्यापेक्षा नाजूक असलेले सगळे गेले, असं हे गणित आहे. ब्रुसेला, साल्मोनेला, ई. कोलाय, कॅम्पिलोबॅक्टर, लिस्टेरिया, क्षयरोगाचा जिवाणू, सगळे या एका मापात बसतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांच्या अपेक्षेप्रमाणे पूर्ण स्निग्धांशाच्या दुधात कॉक्सिएलाची संख्या किमान एक लाखपटीने खाली आली पाहिजे. ७२ अंश, १५ सेकंद किंवा ६३ अंश, ३० मिनिटं या सेटिंगने तेवढं साधतं.

या दोन सेटिंगमधलं नातं समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं होतं. ३० मिनिटं म्हणजे १,८०० सेकंद. ६३ वरून ७२ वर, म्हणजे ९ अंश वर गेल्यावर लागणारा वेळ १,८०० सेकंदांवरून १५ वर येतो. १२० पट कमी. याचा अर्थ साधारण ४.३ अंश वाढले की मारण्याचा वेग दहापट होतो, आणि एक अंश वाढला की सुमारे १.७ पट. उलट बाजूने पाहा: तापमापक एक अंश जास्त दाखवत असेल, तर तुमचे १५ सेकंद प्रत्यक्षात ९ सेकंदांच्या मोलाचे उरतात. सेकंदांपेक्षा अंशांची चूक महाग पडते. प्लँटमध्ये मात्र उलटं दिसतं: वेळेबद्दल वाद होतात आणि सेन्सर वर्षानुवर्षं कोणी पडताळून पाहत नाही.

आता ८२ अंशांचा हिशेब. याच दराने ८२ वर रोगजंतू मारण्याचा वेग ७२ च्या तुलनेत दोनशेपटीच्या पुढे जातो. ऐकायला भारी वाटतं, पण ज्यांची संख्या ७२ वरच लाखपटीने घटली आहे त्यांच्यासाठी ही वाढ जवळपास वाया जाते. प्रश्न आहे तो या हिशेबात न बसणाऱ्यांचा.

जे ७२ वर मरत नाहीत

त्यांचे दोन गट आहेत. पहिला गट उष्णता सोसणाऱ्या साध्या जिवाणूंचा: मायक्रोबॅक्टेरियम, काही मायक्रोकॉकस, एंटेरोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. हे ७२ वर बऱ्याच प्रमाणात उरतात, ८२ वर त्यांतले पुष्कळ मरतात. ८२ वर नेल्यावर दुसऱ्या दिवशी लॅबचा आकडा खाली आला तो यांच्यामुळे. पण थंड दुधात हे फारसे वाढत नाहीत, म्हणून चौथ्या दिवसाच्या फाटण्याशी त्यांचा संबंध कमीच.

दुसरा गट बीजाणूंचा, आणि इथे मुख्य नाव बॅसिलस सिरियस. हा मातीत, शेणात, चाऱ्यात असतो. अडचणीत तो स्वतःभोवती टणक कवच करून बसतो. त्या अवस्थेत १०० अंशांवरही त्याच्या दहापैकी नऊ बीजाणू मारायला काही मिनिटं लागतात. आपण तीन मिनिटं धरू. बीजाणूंच्या बाबतीत वेग दहापट व्हायला साधारण १० अंश लागतात. म्हणजे ८२ अंशांवर त्याच कामाला सुमारे तीन तास हवेत. आपण देतो १५ सेकंद. थोडक्यात, बीजाणूंच्या दृष्टीने ७२ आणि ८२ यांत मरण्याचा फरक शून्य आहे. हाच हिशेब १३८ अंशांवर मांडला तर तीन मिनिटांचं काम सेकंदाच्या अगदी छोट्या भागात होतं. म्हणून यूएचटी, म्हणजे अतिउच्च तापमानाचं, दूध १३५ ते १४० अंशांवर दोन-चार सेकंद तापवतात आणि निर्जंतुक पॅकमध्ये भरतात.

मारण्यात फरक नाही, पण जागं करण्यात आहे. बीजाणूला उष्णतेचा धक्का बसला की तो उगवायला तयार होतो. प्रयोगशाळेत दुधातले बीजाणू मोजण्यापूर्वी नमुना ८० अंशांवर १० मिनिटं तापवतात, ते इतर जिवाणू मरावेत आणि बीजाणू जागे व्हावेत म्हणूनच. ८२ वर पाश्चरायझर चालवणं म्हणजे त्या दिशेने टाकलेलं पाऊल. शिवाय दुधात लॅक्टोपरॉक्सिडेज नावाचं एक नैसर्गिक एन्झाइम असतं. जिवाणूंची वाढ रोखायला त्याची मदत होते. ७२ अंश, १५ सेकंदांनंतर ते बरंचसं शाबूत राहतं, ८० च्या आसपास निकामी होतं. आता चित्र असं होतं: बीजाणू जागे, स्पर्धक जिवाणू मेलेले, दुधाचा स्वतःचा पहारा उठलेला, आणि पिशवी पाच दिवस अशा फ्रिजमध्ये जो ४ ऐवजी ८-१० अंश देतो.

मालकांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. दूध आंबवणारे जिवाणू साखरेपासून आम्ल करतात. बॅसिलस आम्ल फारसं करत नाही, तो प्रथिनं तोडणारी एन्झाइम सोडतो. केसीन हे दुधातलं मुख्य प्रथिन तुटलं की दूध गोड असतानाच फाटतं, आणि तुटलेल्या तुकड्यांची चव कडवट लागते. सायीचे छोटे कण चहात न विरघळता तरंगत राहणं हीदेखील बॅसिलसचीच खूण.

आधी काय शोधायचं, हा पहिला निर्णय

आंबूस पिशव्यांचं कोडं अजून शिल्लक होतं. तिथे कॉलिफॉर्म या अस्वच्छतेची खूण मानल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या तपासणीने दिशा मिळाली. पिशवीत कॉलिफॉर्म सापडले. आता कॉलिफॉर्म ७२ वर टिकूच शकत नाहीत, ८२ वर तर नाहीच. म्हणजे ते तापवल्यानंतर आत शिरले. थंडीत वाढणाऱ्या स्यूडोमोनासचंही तेच: ७२ वर तो सहज मरतो, पाश्चराइज्ड दुधात दिसला तर तो बाहेरून आलेला. तापमान कितीही वाढवलं तरी नंतर पडणारी घाण त्याने थांबत नाही.

म्हणून तापमानाला हात लावण्यापूर्वी तीन ठिकाणचे नमुने घ्यायचं ठरलं: कूलिंग सेक्शनमधून बाहेर पडताच, पाश्चराइज्ड दुधाच्या टाकीतून आणि भरलेल्या पिशवीतून. तिन्ही नमुने ताजे तपासायचे, आणि तेच ७ अंशांवर पाच दिवस ठेवून पुन्हा. मालकांना हा उशीर वाटला, दुकानवाल्यांचा तगादा होता. पण याआधी नमुने न घेता केलेल्या बदलात दोन आठवडे गेलेच होते, आणि त्यातून काही कळलंही नव्हतं.

निकाल स्पष्ट आला. पहिल्या दोन ठिकाणी कॉलिफॉर्म नाहीत, पिशवीत आहेत. दोष पॅकिंग मशीनमध्ये होता. भरणाऱ्या नोझलचं तोंड उघडलं तेव्हा रबरी गॅस्केटला बारीक भेगा दिसल्या आणि त्याखाली पिवळट, चिकट थर, आंबलेल्या चीजसारख्या वासाचा. सफाईचं गरम पाणी टाकीपर्यंत जात होतं, पण नोझलमधून उलटं फिरायला जागाच नव्हती. रोज सफाई होत होती, पण तिथे पोहोचत नव्हती.

होल्डिंग ट्यूबचा प्रश्न

हे शोधत असताना एक वेगळी गोष्ट पुढे आली, आणि माझ्या मते या प्रकरणातली ती सर्वांत गंभीर होती. लॅबची जुनी वही चाळताना दिसलं की ७२.५ च्या काळात फॉस्फटेज चाचणी अधूनमधून "फिकट पिवळी" आली होती. अल्कलाइन फॉस्फटेज हे कच्च्या दुधातलं एन्झाइम. ते रोगजंतूंपेक्षा किंचित जास्त उष्णता सोसतं, म्हणून ते नष्ट झालं तर दूध नीट तापलं असं मानतात. रंग यायलाच नको. आला तर एकतर दूध कमी तापलं किंवा कच्चं दूध कुठेतरी मिसळलं. लॅबमधल्या ताईंनी प्रत्येक वेळी नोंद केली होती. त्यांनी सांगूनही वर कोणी दखल घेतली नव्हती, कारण "निगेटिव्हच आहे, थोडीशी छटा आहे". ८२ वर गेल्यावर छटा नाहीशी झाली आणि विषय मिटल्यासारखा वाटला.

तापमापक प्रमाणित काचेच्या थर्मामीटरशी ताडून पाहिला, तो बरोबर होता. मग वेळेकडे लक्ष गेलं. काही महिन्यांपूर्वी पंप बदलला होता. पाश्चरायझर तासाला २,००० लिटरसाठी बांधलेला, नवा पंप २,५०० लिटर ढकलत होता. २,००० लिटर म्हणजे सेकंदाला ०.५६ लिटर. १५ सेकंदांसाठी ट्यूबमध्ये ८.३ लिटर मावायला हवेत, आणि जवळपास तेवढेच मावत होते. २,५०० च्या वेगाला सेकंदाला ०.६९ लिटर जातात, म्हणजे तेच ८.३ लिटर १२ सेकंदांत बाहेर. तेही सरासरीने. पाइपच्या मध्यातून जाणारं दूध कडेच्या दुधाच्या पुढे धावतं, आणि हिशेब धरायचा तो सर्वांत आधी बाहेर पडणाऱ्या थेंबाचा. मिठाच्या पाण्याची चाचणी केली: ट्यूबच्या तोंडाशी मिठाचं द्रावण सोडायचं आणि दोन्ही टोकांना विद्युतवाहकता कधी उडी मारते ते मोजायचं. ११ सेकंद आले.

११ सेकंदांचं मोल वर सांगितलेल्या हिशेबाने काढलं तर अर्ध्या अंशाहून थोडं जास्त नुकसान होतं. ७२.५ चा जादा अर्धा अंश त्यातच संपत होता. म्हणजे दूध नेमकं काठावर चालत होतं. तापमान वर नेल्याने हा दोष झाकला गेला होता, आणि सेटिंग पुन्हा खाली आणताना तो सर्वांत आधी दुरुस्त करणं भाग होतं. ७२ अंशांच्या नियमाला १५ सेकंद लागतात ते लागतातच, आपल्या मनाने अंश वाढवून त्यांची भरपाई धरता येत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

८२ वरच राहायचं आणि फक्त मशीन दुरुस्त करायचं, हा मालकांचा पहिला आग्रह होता. त्याविरुद्ध बीजाणूंचं कारण होतंच. शिवाय ८२ वर दुधाला शिजल्याचा वास येतो आणि प्लेटांवर थर लवकर चढतो. उन्हाळ्यात आम्लता थोडी वाढलेली असताना हा थर इतका झपाट्याने बसत होता की मधेच मशीन थांबवून धुवावं लागे.

६३ अंश, ३० मिनिटं ही बॅच पद्धत गायीच्या दुधासाठी वेगळी चालवावी, असं मालकांच्या मुलाचं म्हणणं होतं. त्याच्याकडे एक जुनी ५०० लिटरची व्हॅट पडून होती. पद्धत चांगली आहे आणि रोगजंतूंचा नाश सारखाच होतो. अडचण फेसाची असते. दूध ६३ वर असलं तरी वरचा फेस आणि झाकणाखालची हवा त्याहून थंड राहते, आणि तिथले जंतू वाचतात. म्हणून वरच्या हवेचं तापमान दुधापेक्षा किमान तीन अंश जास्त ठेवावं लागतं. त्या व्हॅटला हवा तापवायची सोयच नव्हती. शिवाय इतकं दूध हळूहळू थंड होताना वाया जाणारा वेळ वेगळा. हा पर्याय सोडला.

यूएचटीला लागणारं यंत्र आणि निर्जंतुक पॅकिंग या आकाराच्या डेअरीच्या आवाक्याबाहेरचं होतं. बीजाणू फिरवून वेगळे काढणारं बॅक्टोफ्यूजही तसंच.

उरला प्रश्न ७२ ते ७८ च्या मध्ये कुठे थांबायचं. इथे अंदाजावर न जाता एकाच टँकरचं दूध तीन भागांत ७२.५, ७६ आणि ८२ वर चालवलं. पहिल्या दिवशी ८२ चा आकडा सर्वांत कमी होता. ७ अंशांच्या फ्रिजमध्ये पाचव्या दिवशी क्रम उलटला: ८२ चं दूध उकळताना सर्वांत आधी फाटलं, आणि ७२.५ व ७६ या दोघांत हाताला लागेल असा फरक नव्हता. मालक त्या वेळी लॅबमध्येच उभे होते. ८२ ची परीक्षानळी उकळत्या पाण्यातून काढल्यावर काचेला चिकटलेले बारीक कण त्यांनी स्वतः उजेडात धरून पाहिले. त्यानंतर ८२ चा आग्रह राहिला नाही.

घेतलेला निर्णय

७४ अंश, १६ सेकंद. वळण-व्हॉल्व्ह ७३ च्या खाली दूध कच्च्या टाकीकडे परत फिरवेल, असं बसवलं. ७४ का, याचं कारण बीजाणूंत नाही, सुरक्षेच्या अंतरात आहे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, आणि तो जिवाणूला उष्णतेपासून थोडं वाचवतो. सेन्सरची चूक, वाफेच्या दाबातले चढउतार हेही धरावे लागतात. ७२ पेक्षा दोन अंश वर म्हणजे रोगजंतूंवर सुमारे तिप्पट परिणाम, आणि लॅक्टोपरॉक्सिडेज, चव, प्लेटा यांना फारसा धक्का नाही. साखर घातलेलं सुगंधी दूध आणि मलई यांसाठी वेगळी, आणखी वरची सेटिंग ठेवली, कारण साखर आणि जास्त स्निग्धांशात उष्णता कमी लागू पडते. अमेरिकी नियमांत अशा पदार्थांना तीन अंश वाढवून द्यायला सांगितलं आहे, तोच धागा धरला.

होल्डिंग ट्यूब सुमारे पावणेचार मीटरने वाढवली. २,५०० लिटरच्या वेगाला सर्वांत आधीच्या थेंबालाही १६ सेकंद मिळायला सुमारे १२ लिटर लागतात आणि त्या मापाच्या पाइपमध्ये मीटरमागे साधारण एक लिटर मावतं. पंपाचा वेग कमी करूनही हे साधलं असतं, पण मग रोजचं काम तासभर लांबलं असतं, आणि सकाळच्या गाड्या थांबल्या असत्या. ट्यूब वाढवताना ती दुधाच्या वाहण्याच्या दिशेने सतत चढती ठेवली, मीटरमागे दोन सेंटिमीटर. नाहीतर हवा अडकते आणि तेवढी जागा दुधाला मिळत नाही. मिठाची चाचणी पुन्हा करून मगच उत्पादन सुरू झालं.

नोझलच्या गॅस्केट बदलल्या, आणि सफाईत नोझल उघडून त्यातून गरम पाणी फिरवण्याचा टप्पा घातला.

बीजाणूंवरचा उपाय प्लँटच्या बाहेर होता. प्रत्येक केंद्राच्या कच्च्या दुधाची बीजाणू-मोजणी केली. दोन केंद्रं बाकीच्यांपेक्षा ठळकपणे वर होती. एकावर गोठ्यांत मुरघास दिला जात होता, पण खड्ड्याचं तोंड उघडं ठेवून, कडेचा बुरशी आलेला भाग न काढता, आणि धारेच्या वेळीच गव्हाणीत टाकून. दुसऱ्या केंद्रावर सड कोरड्या कापडाने न पुसता ओल्या हाताने धार काढायची सवय होती. केंद्रचालकांशी बसून ठरलं की चारा धारेनंतर टाकायचा आणि कास धुऊन सड कोरडे करायचे. पाच दिवसांच्या पिशवीसाठी या दोन केंद्रांचं दूध काही काळ वेगळं ठेवलं, ते पनीरकडे वळवलं.

परिणाम

पिशवीतले कॉलिफॉर्म गेले, आणि त्यांच्याबरोबर आंबूस वासाची तक्रारही. फॉस्फटेजची छटा पुन्हा दिसली नाही. फाटण्याची तक्रार बरीच कमी झाली, पण पूर्ण संपली नाही. फ्रिज ५ अंशांच्या आत असला तर दूध पाचव्या दिवशी ठीक उकळतं. फ्रिज ९-१० देत असला तर चौथ्या दिवशी काठावर येतं. दुकानसाखळीशी बोलून पिशवीवरची मुदत चार दिवस ठेवली, आणि त्यांच्या फ्रिजची नोंदवही रोज लिहायची अट डेअरीने घातली. आधी अट घालणारे ते होते, या वेळी हे.

पावसाळा सुरू झाल्यावर बीजाणूंचा आकडा पुन्हा चढला. गोठ्यात चिखल, कासेला माती, त्यात हे होणारच. त्या महिन्यांत दुकानसाखळीसाठीचं दूध फक्त तीन निवडक केंद्रांवरून घेतलं जातं.

काय वेगळं करता आलं असतं

तक्रारवहीत "खराब" या एका शब्दाऐवजी आंबट, कडवट आणि तापवताना फाटलं असे तीन रकाने असते, तर दोन वेगळी दुखणी पहिल्याच आठवड्यात वेगळी दिसली असती. आता ते रकाने आहेत.

८२ वर गेल्यानंतर घेतलेला निर्णय ताज्या नमुन्यावर आधारला, हीच खरी गफलत. पाच दिवस टिकण्याचा प्रश्न असेल तर पाचव्या दिवसाचा नमुनाच बोलेल. ताजा आकडा कच्च्या दुधाची आणि उष्णतेची खबर देतो, टिकण्याची नाही.

फॉस्फटेजची फिकट छटा दिसली त्याच दिवशी मिठाची चाचणी व्हायला हवी होती. तेव्हा ती झाली असती, तर काठावरचं दूध इतके महिने बाजारात गेलं नसतं. या मुद्द्यावर मालकांशी आमचं मोकळं बोलणं झालं. त्यांचं म्हणणं असं की पंप बसवणाऱ्याने ट्यूबचा विषय काढलाच नाही. ते खरं असेल. पण पंप, होमोजनायझर, व्हॉल्व्ह किंवा प्लेटा यांपैकी काहीही बदललं की वाहण्याचा वेग बदलू शकतो, आणि ती तपासणी प्लँटच्या यादीत असायला हवी. आता ती आहे, मिठाची चाचणी सहा महिन्यांतून एकदा आणि अशा प्रत्येक बदलानंतर.

७४ ऐवजी ७६ निवडायला हवं होतं का, यावर प्लँट इनचार्ज आणि आमच्यात अजून मतभेद आहे. त्यांचं म्हणणं, उन्हाळ्यात कच्च्या दुधात जिवाणू जास्त असतात, दोन अंश आणखी घ्यावेत. आमचं म्हणणं, जास्त जिवाणू असलेलं कच्चं दूध तापवून सुधारत नाही. स्यूडोमोनास ७६ वरच काय, ७२ वरही मरतो, पण त्याने बल्क कूलरमध्ये आधीच सोडलेली प्रथिनं आणि चरबी तोडणारी एन्झाइम यूएचटीच्या उष्णतेतही बऱ्यापैकी तगतात. तसंच स्टॅफिलोकॉकसचं: जिवाणू मरतो, त्याने दुधात आधी केलेलं विष उकळूनही जात नाही. ते दोन अंश केंद्रावरच्या कूलरमध्ये खाली आणलेले जास्त कामाचे. सध्या येत्या उन्हाळ्यात त्याच टँकरचं दूध ७४ आणि ७६ वर चालवून, ७ आणि १० अंशांवर ठेवून, पाच दिवसांची तुलना करायचं ठरलं आहे.